चार दारं, एक वही

मालवणात एकाच मजल्यावरच्या तीन-चार सदनिकांत एकच मावशी भांडी घासते, केर-लादी करते, हे आता सर्रास दिसतं. पगार मात्र प्रत्येक दाराआड वेगळा ठरतो. कुणी शेजाऱ्याला विचारून आकडा सांगतं, कुणी मावशींनी मागितला त्यातून शंभर कमी करतं. हा पगार कामावर ठरवावा की वेळेवर, आणि चार घरांनी मिळून तो कसा वाटून घ्यावा, यावर दोन शेजाऱ्यांचं बोलणं इथे मांडलं आहे. काका एसटीच्या डेपोतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, बाई शाळेत शिकवणाऱ्या. मजला, माणसं आणि तिथले पगार उदाहरणादाखल घेतले आहेत. सरकारी दर आणि कायद्यातल्या गोष्टी जशा आहेत तशाच दिल्या आहेत.

काका: बाई, आपल्या मजल्यावर हिशेब सरळ आहे. भांड्यांचे पाचशे, केर-लादीचे पाचशे, कपड्यांचे पाचशे. मावशींना तोंडपाठ आहे, आपल्यालाही. त्यात घड्याळ आणायची काय गरज?

बाई: सरळ आहे, पण सारखा नाही. तुमच्याकडे दोन माणसं, आमच्याकडे पाच. भांड्यांचे पाचशे दोघांकडूनही. पलीकडच्या खोलीत बँकेतला एकटा मुलगा राहतो, त्याचं एक ताट, एक कुकर, एक कप. तोही पाचशेच देतो.

काका: मग माणशी दर लावा. दोन माणसांना इतके, पुढच्या प्रत्येकाला इतके जास्त.

बाई: पुण्यात ते झालेलं आहे. १९८० साली तिथल्या मोलकरणींनी संप केला, पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि घरकामाचा पगार ही चारचौघांत बोलायची, मागणी करायची गोष्ट झाली. काम कोणतं आणि घरात माणसं किती, यावर दर ठरवायची पद्धत तिथे रुळली. पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस याही मागण्या होत्याच. पण आपल्या किनाऱ्यावर माणसं मोजून भागत नाही. सोमवारी शाकाहारी जेवण झालं की आमची भांडी लवकर होतात. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई असली की तवा, पातेलं आणि विळी धुवायलाच पंधरा मिनिटं जास्त जातात. माणसं तीच, काम दीडपट.

काका: म्हणून मी म्हणतो, सरासरीने धरा आणि गप्प बसा. मी तीस वर्षं हिशेब केलाय. मिनिटावर पैसे लावले की दोन वाईट गोष्टी होतात. हात ज्याचा चटचट चालतो त्याला कमी पैसे मिळतात आणि जो रेंगाळतो त्याला जास्त. शिवाय आपण दारात उभे राहून घड्याळ बघायला लागतो. मावशी माणूस आहेत. त्यांना कुणी असं न्याहाळत बसलेलं मला चालणार नाही.

बाई: ते मलाही चालणार नाही. रोज मोजायचं नाहीच. वेळ मोजायची ती फक्त दर ठरवताना, आठवडाभर, मावशींना सांगून आणि त्यांच्या हाताने. तो आकडा ठरला की पगार पुन्हा कामाचाच. मग त्या वीस मिनिटांत उरकून गेल्या तरी पैसे तेवढेच. चटचट हाताचा फायदा त्यांचा, आपला नाही.

काका: म्हणजे वेळ पायाला, काम वरती. हे ऐकायला बरं आहे. पण मिनिटाला किती, हे कोण सांगणार? कायद्यात काही आहे का?

बाई: महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, मंडळाच्या योजना मिळतात. त्यासाठी आपण काम देतो असा दाखला लागतो. तो आपण चारही घरांनी मिळून एकाच कागदावर दिला पाहिजे. पण भांड्यांना किती आणि लादीला किती, हे तो कायदा सांगत नाही. राजस्थानात २०१६ साली सरकारने घरकामाचा किमान दर जाहीर केला, त्याची रीत मात्र बघण्यासारखी आहे. आठ तासांच्या पूर्ण कामाला महिना ५,६४२ रुपये, आणि भांडी किंवा कपडे असं सुटं काम असेल तर ७०५.

काका: थांबा. ५,६४२ भागिले आठ... ७०५. म्हणजे रोजच्या एका तासाचा महिन्याचा भाव.

बाई: बरोबर. सुट्या कामाचा दर त्यांनी हवेतून काढला नाही, पूर्ण दिवसाच्या मजुरीतून काढला. घरात माणसं चारपेक्षा जास्त असली तर वर दहा टक्के. आकडा जुना आहे आणि तुटपुंजा आहे, तो घ्यायचा नाही. पण तुमची माणशी वाढ आणि माझी वेळ, दोन्ही त्यात आहेत.

काका: मग आपल्याकडची दिवसाची मजुरी कुठली धरायची?

बाई: खालची रेघ म्हणून रोजगार हमी. २०२५-२६ साली महाराष्ट्रात तो दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं की तासाला ३९. याच्या खाली कुणी गेलं तर ते घर मावशींना रस्त्यावरच्या खडीकामापेक्षा कमी पैसे देतंय. पण मावशींना आपल्याकडे न येता दुसरं काय मिळतं, तेही बघायला हवं. पर्यटकांच्या सीझनला तारकर्लीच्या वाटेवरच्या एका निवास-न्याहारीवाल्याने त्यांना दिवसाला साडेचारशे दिले होते, दुपारचं जेवण धरून. म्हणजे तासाला छप्पन्न, वर जेवण. म्हणून मी तासाला साठ धरते. मिनिटाला रुपया. हिशेबालाही सोपं.

काका: ठीक. आता मिनिटं सांगा. पण मोजमाप कुठल्या आठवड्यात केलंत? श्रावणात केलं असेल तर मी मानणार नाही. श्रावणात अर्ध्या मालवणाची भांडी हलकी असतात.

बाई: म्हणूनच श्रावण टाळला. मासे असलेले तीन दिवस येतील असा सबंध आठवडा घेतला. आणि दोनदा घेतला, एकदा मार्चमध्ये, एकदा जुलैत. पावसात पायांबरोबर लाल माती घरात येते, लादी दोनदा पुसावी लागते, कपडे वाळत नाहीत म्हणून दांडीवरून काढून परत घालावे लागतात. दोन्हींची सरासरी धरली. तुमच्याकडे भांडी वीस मिनिटं, केर-लादी पंचवीस. आमच्याकडे भांडी चाळीस, केर-लादी तीस, मशीनमधले कपडे वाळत घालून आधी वाळलेल्यांच्या घड्या करायला पंधरा. बँकेतल्या मुलाकडे भांडी दहा, केर-लादी पंधरा.

काका: पंचेचाळीस, पंच्याऐंशी, पंचवीस.

बाई: प्रत्येकात पाच मिनिटं घाला.

काका: ती कशाची?

बाई: दाराची. घंटी वाजवायची, तुमच्या नातवाने दार उघडेपर्यंत उभं राहायचं, बादली भरायची, शेवटी हात पुसून पिशवी उचलून पुढच्या दारात जायचं. काका, कंडक्टरची ड्युटी डेपोत मशीन आणि तिकिटं ताब्यात घेतली की सुरू होते, की गाडी सुटल्यावर?

काका: ताब्यात घेतल्यापासून. त्यावरून आमच्याकडे कमी भांडणं झाली नाहीत. बरं, पाच धरली. पन्नास, नव्वद, तीस. आता दिवस किती? तीस?

बाई: सव्वीस. आठवड्याची एक सुट्टी हवीच. आपण रविवारी सुट्टी देत नाही कारण त्या दिवशी भांडी जास्त. म्हणून मी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी माका सोडा. सोमवारी तुमच्याकडे मासे नसतत, भांडी कमी. तुमची तुमीच घासशात." मला ते पटलं. सोमवार सुट्टी. महिन्याला एक भरपगारी रजा वेगळी, वर्षाच्या बारा. त्या त्यांनी जमवून ठेवायच्या. चतुर्थीला चार घेतील, आंगणेवाडीच्या जत्रेला एक, लावणीला उरलेल्या.

काका: लावणीला गेल्या की आपली पंचाईत होते.

बाई: होते. पण शेत त्यांचं आहे, वर्षाचा तांदूळ त्यातून येतो. लावणी कधी हे जूनमध्ये साधारण कळतं, तेव्हा आधी सांगायचं एवढंच ठरवू. बदली बाई आणायची असेल तर तिचे पैसे आपण द्यायचे, मावशींच्या पगारातून नाही.

काका: आता आकडे मी करतो. माझे पन्नास गुणिले सव्वीस, १,३००. आज मी देतो हजार. तुमचे नव्वद गुणिले सव्वीस, २,३४०. आज तुम्ही देता पंधराशे. त्या मुलाचे तीस गुणिले सव्वीस, ७८०. तो देतो हजार. म्हणजे या मजल्यावर मिनिटाला सगळ्यांत जास्त पैसे तो एकटा मुलगा देत होता आणि सगळ्यांत कमी तुमचं घर.

बाई: हो. मिनिटाला चौसष्ट पैसे. सरसकट दराचा फायदा मोठ्या घराला होतो, आणि आपल्याला वाटत राहतं की सगळे सारखंच देतात.

काका: पण मग त्याचे दोनशे वीस कमी करणार? हीच गोष्ट मला सलते. तुमचा हिशेब न्यायाचा, पण मावशींच्या हातातून पैसे जातील.

बाई: इथे तुमचं म्हणणं मी घेते. कुणाचाही चालू आकडा खाली आणायचा नाही. हजारात दिवसाला अडतीस मिनिटं बसतात. आठ मिनिटं उरतात. त्याला आपण सांगू, मावशी कबूल असतील तर त्याचे कपडे वाळत घालतील. त्या नको म्हणाल्या तर हजार तसेच. संडास-बाथरूम मात्र या उरलेल्या मिनिटांत कुणी घुसवायचं नाही. ते काम करायचं की नाही हे मावशी ठरवतील, आणि करायचं ठरलं तर त्याचा दर वेगळा.

काका: आणि चौथं दार? मुंबईकरांचा बंद फ्लॅट?

बाई: तिथे खरा घोळ आहे. आठवड्यातून एकदा मावशी कुलूप उघडतात, खिडक्या उघडतात, केर काढतात, पावसात भिंतीला बुरशी आलीय का बघतात. दाराची धरून पन्नास मिनिटं. महिन्याचे चार फेरे म्हणजे दोनशे. ते देतात तीनशे. ते कमी करायचे नाहीत, कारण किल्लीची जोखीम मावशींच्या कनवटीला आहे. घोळ होतो तो मे महिन्यात आणि चतुर्थीला. मावशी मला म्हणाल्या होत्या, "अकरा माणसां इली, माका दोन वाजले, पैशे मात्र तेवडेच."

काका: तेव्हा आधी तिकडे जाऊन त्या माझ्याकडे तीनला आल्या. मी चिडलो होतो.

बाई: चिडायचं होतं त्या फ्लॅटवर, मावशींवर नाही. अशा दिवसांना महिन्याचा दर चालतच नाही. दिवसाचा दर लावायचा. अकरा माणसांची भांडी नव्वद मिनिटं, लादी तीस, दार पाच. दिवसाला सव्वाशे, तीनशेहून वेगळे, आणि पाहुणे जायच्या आत रोख. बारा दिवस राहिले तर दीड हजार. तोच नियम आपल्यालाही. माझ्या नणंदेची सहा माणसं आठवडाभर आली तर मी जास्तीची मिनिटं मोजून देणार.

काका: एकूण किती झाले? तेराशे, तेवीसशे चाळीस, हजार, तीनशे. ४,९४०. आज त्यांना या मजल्यावरून ३,८०० मिळतात. वाढ ११४० ची. तुम्ही ती देऊ शकता, मी देऊ शकतो. पण खालच्या मजल्यावरचे म्हणतील, तुम्ही भाव बिघडवलात.

बाई: हीच गोष्ट मला उलट बाजूने भीतीची वाटते. चार घरांनी मिळून पगार ठरवायचा म्हणजे चार मालक एका बाजूला आणि एकटी बाई दुसऱ्या बाजूला. आपण मिळून वाढवू शकतो, तसंच मिळून दाबूही शकतो. एका घराचं भांडण झालं आणि चारही घरांनी कामावरून काढलं तर त्यांचा सकाळचा सगळा पगार एका दिवसात जातो. त्यामुळे आपण फक्त खालची रेघ ठरवायची. वरची नाही. कुणाला जास्त द्यायचे असतील तर शेजाऱ्याने हरकत घ्यायची नाही. एका घराची तक्रार त्या घरापुरती. आणि ज्या दिवशी आकडे लिहायचे त्या दिवशी मावशी समोर बसलेल्या हव्यात, खुर्चीवर.

काका: त्या बसल्या तर बोलतील का? त्यांना वाटेल, हे लोक सगळं ठरवून आलेत.

बाई: म्हणून आधी कोरी वही त्यांच्यासमोर ठेवायची आणि मिनिटं त्यांनी सांगायची. मी मोजलेला आठवडा त्यांच्या सांगण्याशी पडताळून बघायचा. जिथे फरक पडेल तिथे त्यांचं ऐकायचं.

काका: तुम्ही एक गोष्ट सोडलीत. आपण पगाराशिवायही देतो. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या फीला मी पाच हजार दिले. घरात साडी येते, माशांचा वाटा जातो. मिनिटाचा हिशेब झाला की लोक म्हणतील, आता हिशेब पुरा, उचल कशाला मागता? लहान गावात हीच माया माणसाला तारते.

बाई: ती राहू दे. पण ते पाच हजार तुम्ही पगारातून कापलेत ना?

काका: कापले. दरमहा पाचशे.

बाई: म्हणजे ती उचल होती. वेळेला दिलीत, हे मोठं काम केलंत, पण ती मावशींच्याच कमाईतून फिटली. माझं म्हणणं एवढंच की साडी आणि मासे पगारात धरायचे नाहीत. उचल द्यायची, वहीत लिहायची, आणि किती कापायचं ते मावशींना विचारायचं. एका घराची उचल दुसऱ्या घराने कापायची नाही. बोनसही असाच. आपल्याकडे खर्च दिवाळीपेक्षा चतुर्थीला जास्त असतो. प्रत्येक घराने आपला एक महिन्याचा पगार चतुर्थीच्या आठ दिवस आधी द्यायचा.

काका: आणि वेळेचं काय? आठ वाजताची मावशी चौघांनाही हवी असते.

बाई: शेजार एकत्र येण्याचा खरा फायदा तिथे आहे. आज त्या सकाळी सातला तुमच्याकडे, मग दोन तास मोकळ्या, दहाला माझ्याकडे, बाराला त्या मुलाचा शेजारी किल्ली देतो तेव्हा तिकडे. कुंभारमाठातून चालत येतात, मध्ये जिन्यात बसतात. तीन तासांच्या कामाला पाच तास जातात. आपण ओळ लावली, साडेसातला तो मुलगा घरात असताना त्याचं, मग तुमचं, नवाच्या सुमाराला आमचं, तर साडेदहाला त्या मोकळ्या. आपला एक पैसा न वाढवता त्यांना दोन तास परत मिळतात. नगरपालिकेचं पाणी येऊन टाक्या भरलेल्या असतात, तेवढं मात्र बघून ओळ लावायला हवी. पाण्याविना उभं राहावं लागलं तर ती मिनिटं आपली.

काका: एखादं घर सोडून गेलं तर? त्या मुलाची बदली व्हायचीच.

बाई: महिनाभर आधी सांगायचं, नाहीतर महिन्याचे पैसे द्यायचे. आपण मेमध्ये मुंबईला गेलो तरी तेच. पंधरा दिवसांपर्यंत पूर्ण पगार, कारण ती वेळ मावशींनी आपल्यासाठी राखून ठेवलेली असते. त्यापुढे निम्मा.

काका: आणि आपला हिशेब चुकतोय, हे कसं कळणार? डेपोत डिझेलवरून कळायचं.

बाई: शेवटच्या घरावरून कळेल. जिथे त्या सगळ्यांत शेवटी जातात तिथे पलंगाखालचा केर राहायला लागला, पातेल्याच्या कडेला तेलकटपणा हाताला लागला, तर समजायचं की आधीच्या कुठल्या तरी घराचं काम ठरल्यापेक्षा वाढलंय. बोलणं शेवटच्या घराने खायचं, काम पहिल्या घराने वाढवलेलं. तेव्हा मावशींना बोलायचं नाही, वही उघडायची. 'जाता जाता एवढं करा' म्हणत कुणी काय काय वाढवलं ते बघायचं.

काका: माझी सोलं वाळत घालणं त्यात येईल.

बाई: येईल. एप्रिल-मेमध्ये रोज दहा मिनिटं.

काका: लिहा. पण बाई, एक हिशेब अजून बाकी आहे. तुमच्या दराने आठ तासांचे महिन्याला १२,४८० होतात. आपल्या मजल्यावरून त्यांना मिळणार ४,९४०. दर न्यायाचा झाला, पण पोट तेवढ्यात भरत नाही. ते तर तीनच तासांचं काम आहे.

बाई: हे मात्र आपल्या चार दारांत सुटणारं नाही. मिनिटाचा भाव आपण नीट लावू शकतो, दिवस भरून देऊ शकत नाही.

काका: खालच्या मजल्याने हीच वही घेतली तर? साडेदहाला इथून सुटल्या की खाली. दीड वाजेपर्यंत आणखी तीन तास. दोन मजले मिळून सहा तास, म्हणजे नऊ हजारांच्या वर, आणि येण्याजाण्याची पायपीट एकदाच. भाव बिघडवलात म्हणणाऱ्यांना मी हा कागद दाखवतो. पैशांचं बोलणं माझ्याकडून ते ऐकून घेतील.

बाई: आधी मावशींना विचारा, त्यांना दुपारपर्यंत थांबायचंय का. चारला त्या मासळी बाजारात बसतात.

काका: विचारतो. आणि माझं एक म्हणणं वहीच्या पहिल्या पानावर लिहा: रोज घड्याळ लावायचं नाही. दर वर्षी मार्चात आणि जुलैत एकेक आठवडा मोजायचं, मिनिटाचा भाव रोजगार हमीच्या दराबरोबर वाढवायचा, आणि मधल्या काळात कुणी मावशींच्या मागे उभं राहायचं नाही.

बाई: लिहिते. त्याखाली चार घरांच्या सह्या, आणि पहिली सही मावशींची.